मुलांचाच स्तंभालेख: चौथीच्या वर्गातलं एक सर्वेक्षण, जसं झालं तसं

सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतलं हे प्रकरण आहे, शाळेचं नाव देत नाही कारण त्याची गरज नाहीये. चौथीचा वर्ग, पट २८, त्या दिवशी हजर २६. वर्गाच्या बाईंना गणितातला माहिती गोळा करायचा आणि ती चित्रात मांडायचा भाग पुस्तकाबाहेर नेऊन शिकवायचा होता, आणि मी त्यांच्यासोबत बसून सगळं बघत आणि टिपून घेत होतो. ही ॲक्टिव्हिटी बऱ्याच जणांना माहितीये, मुलांना प्रश्न विचारायचा, उत्तराप्रमाणे रांगा करायच्या, झाला मानवी आलेख, फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. पण त्या फोटोत दिसतं त्याला आलेख म्हणायचं का, हा खरा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत आहे की मुलं नुसती रांगेत उभी राहिली म्हणजे आलेख होत नाही, रांगेची लांबी आणि मुलांची संख्या यांचं नातं पोरांच्या डोक्यात बसलं तरच तो आलेख. आणि ते नातं बसवायला वेळ लागतो, इथे दोन दिवस आणि नंतरचा एक सोमवार लागला.

आधी प्रश्न काय विचारायचा ते ठरलं. बाईंच्या मनात पहिल्यांदा आवडता खेळ होता, पण तो त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला आणि मला ते एकदम पटलं. आवडीचा प्रश्न घेतला की पोरं उत्तराकडे जात नाहीत, मैत्रिणीकडे जातात. दोन दांडगी पोरं क्रिकेटच्या रांगेत गेली की मागनं दहा जण पळतात, आणि त्यातल्या तिघांना लगोरी आवडते हे सगळ्या वर्गाला माहिती असतं. दुसरा प्रश्न डोक्यात होता घरात माणसं किती, त्यातही गोची आहे, कारण तिथे उत्तरच संख्या असते. "५ माणसं" या रांगेत ७ मुलं उभी राहिली की ५ कशाचे आणि ७ कशाचे यात चौथीचं पोर हमखास अडकतं. पहिल्या वेळी उत्तर शब्दातलं असावं, संख्या फक्त मोजण्यातून यावी. सकाळी काय खाऊन आलात हा प्रश्न तर विचारूच नये, उपाशी आलेलं पोर सगळ्यांसमोर एका रांगेत एकटं उभं करायचं का आपण?

मग ठरला प्रश्न, शाळेत कसे येता. चालत, सायकलवर, गाडीवर (म्हणजे घरच्या मोटरसायकलवर, इकडे गाडी म्हटलं की तीच), वडापनं म्हणजे भाड्याच्या शेअर जीपनं. सगळ्यांना कळणारा, खरं उत्तर असलेला, आणि दुसऱ्याचं बघून बदलता न येणारा.

बाईंनी चार गट केले आणि प्रत्येक गटाला कागद देऊन सांगितलं, सगळ्या वर्गाला विचारा आणि ताळ्याच्या खुणा करा. खुणा कशा करायच्या ते आधी फळ्यावर झालेलं होतं, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, तरी दोघा तिघांनी पाचवी पण उभीच मारली, ते पटकन सुधारता आलं. खरी मजा पुढे आली. वीस मिनिटं वर्गात नुसता बाजार भरला होता, आणि शेवटी चार गटांच्या बेरजा फळ्यावर लिहिल्या तर आल्या २४, २६, २७ आणि २९. वर्गात मुलं २६.

इथे बऱ्याच ठिकाणी शिक्षक काय करतात, तर २६ वाला गट बरोबर म्हणून त्याचे आकडे घेतात आणि पुढे जातात. बाई थांबल्या. त्यांनी पोरांनाच विचारलं, आपण आहोत २६, मग २९ कुठून आले? आणि त्या पंचवीस तीस मिनिटांत जे झालं ते माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात दमदार शिक्षण होतं, आलेख अजून जन्मालाही आला नव्हता तरी.

२४ वाल्या गटात एकजण विचारत होता आणि एकजण खुणा करत होती, दोघांनी सगळ्यांना विचारलं पण स्वतःला मोजायचं विसरले. हे जवळजवळ प्रत्येक वर्गात होतं, मोजणारा स्वतःला मोजत नाही. २७ वाल्यांनी एका मुलाला दोनदा विचारलं होतं कारण तो जागा बदलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला होता. २९ वाल्यांचं प्रकरण जास्त खोल. वस्तीवरची तीन मुलं घरापासून फाट्यापर्यंत चालत येतात आणि फाट्यावरून वडाप पकडतात. त्यांना विचारल्यावर ती म्हणाली, "आमी चालत बी येतो आणि वडापनं बी." गटानं प्रामाणिकपणे दोन्हीकडे एकेक खूण केली. तीन मुलं, सहा खुणा, म्हणून २६ चे २९. पोरांची चूक काही नाही, प्रश्नच तसा होता.

आणि मग २६ वाला गट. बेरीज बरोबर म्हणून हा गट जरा ऐटीत होता. पण आकडे ताडून बघितले तर त्यांच्याकडे चालत १३ आणि गाडीवर ५, आणि २९ वाल्यांच्या दुहेरी खुणा काढल्यावर त्यांच्याकडे चालत १२ आणि गाडीवर ६. एक मूल इकडचं तिकडे. शोधलं तर एक मुलगी सापडली, ती रोज चालत येते, पण त्या दिवशी गुरुवार, बाजाराचा दिवस, वडील बाजाराला निघालेले म्हणून त्यांनी तिला गाडीवर सोडलं. एका गटाला तिनं सांगितलं "चालत", दुसऱ्या गटाला "आज गाडीवर". दोन्ही खरं. म्हणजे बेरीज जुळली तरी आत गडबड असू शकते हे पोरांना स्वतःच्या वर्गातल्या मुलीवरून दिसलं. बेरीज चुकली तर नक्की काहीतरी चुकलंय, बेरीज बरोबर आली तर एवढंच कळतं की कुणी गळलेलं नाही किंवा दोनदा आलेलं नाही (आणि तेही बहुतेक, कारण एक गळला आणि एक दोनदा आला तरी बेरीज जुळतेच).

यातनं दोन नियम निघाले आणि ते पोरांनीच काढले, बाई फक्त फळ्यावर लिहीत होत्या. एक, प्रश्न "आज शाळेत कसे आलात" असा करायचा, "कसे येता" नाही. दोन, दोन प्रकारे आलेल्यांनी जास्त अंतर ज्यानं कापलं ते सांगायचं. दुसऱ्या नियमावर जोरदार वाद झाला, एक मुलगा म्हणत होता की शाळेच्या दारात कसा आलास ते मोजायचं, म्हणजे शेवटचा टप्पा, आणि त्या हिशेबानं सगळेच चालत निघतात कारण गेटच्या आत गाडी येत नाही. त्यावर बाकीचे हसले, पण त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तो पण एक नियमच आहे. बाईंनी ते बरोबर पकडलं आणि सांगितलं की नियम कुठलाही चालेल पण सगळ्यांना एकच पाहिजे आणि मोजायच्या आधी ठरला पाहिजे. शिवाय हजेरीपटावरची नावं उतरवून घ्यायची आणि ज्याला विचारलं त्याच्यापुढे टिक करायची, हे पण ठरलं, म्हणजे दुहेरी मोजणी आणि गळती दोन्ही बंद.

पुन्हा मोजल्यावर चारही गटांचं एकच आलं: चालत १२, सायकल ५, गाडी ६, वडाप ३. बेरीज २६. मग एका मुलीनं विचारलं, बाई एसटीचं काय? गावातनं एसटी जाते, पण तिनं कुणीच आलेलं नव्हतं. बाईंनी फळ्यावर पाचवा रकाना केला, एसटी ०. हा रिकामा रकाना पुढे फार कामाला आला.

दुसऱ्या पायरीला बाईंनी प्रत्येकाच्या हातात एकसारख्या मापाचं कार्ड दिलं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचे सात सात सेंटिमीटरचे चौकोन कापलेले होते. त्यावर स्वतःचं नाव आणि उत्तर लिहायचं, आणि मगच बाहेर पटांगणात जायचं. हे कार्ड म्हणजे पोराचं उत्तर रांगेत जायच्या आधी पक्कं करणं. ज्यांना आवडीचाच प्रश्न घ्यायचा असेल त्यांनी तर हे केल्याशिवाय पोरांना उठवूच नये असं मी म्हणेन. हातात लिहिलेलं कार्ड असलं की पळताना ओढ लागली तरी पोर थांबतं, कार्ड बघतं, आणि आपल्या रांगेत जातं.

पटांगणात बाईंनी मुद्दाम काहीच आखलेलं नव्हतं. फक्त पाच ठिकाणी पाट्या ठेवल्या, चालत, सायकल, गाडी, वडाप, एसटी, आणि म्हणाल्या आपापल्या पाटीमागे उभे राहा. दोन मिनिटांत रांगा झाल्या. चालत येणाऱ्यांच्या पाटीवर ऊन होतं, म्हणून त्यांची रांग पाटीपासून दोन तीन पावलं मागे, लिंबाच्या सावलीत सुरू झाली. सायकलवाल्या पाच जणांनी परिपाठाच्या सवयीनं हात पुढे करून एक हात अंतर घेतलं. गाडीवाले सहा जण मात्र एकमेकांना चिकटून, पुढच्याच्या दप्तराला नाक लावून. वडापची तीन पोरं तर रांगेत नाहीतच, एकमेकांच्या शेजारी आडवी उभी.

बाईंनी एका मुलीला ध्वजाच्या कट्ट्यावर चढवलं आणि विचारलं, सायकलवाले जास्त का गाडीवाले? ती बिनधास्त म्हणाली, सायकलवाले. आकडे तिनं स्वतः दहा मिनिटांपूर्वी फळ्यावर बघितलेले, ५ आणि ६. पण डोळ्याला लांब रांग दिसली आणि डोळ्यानं निकाल दिला. खालनं गाडीवाले ओरडले, आम्ही सहा आहोत! ती म्हणाली, पण तुमची रांग छोटीये. याच क्षणासाठी बाईंनी आधी आखलं नव्हतं. आयते चौकोन आखून दिले असते तर सगळं पहिल्या फटक्यात छान दिसलं असतं आणि चौकोन कशासाठी हे कुणालाच कळलं नसतं. इथे पोरांना गरज पडली. एकानं सुचवलं सगळ्यांनी एक हात अंतर घ्या. घेतलं, पण हात कुणाचा लांब कुणाचा आखूड, आणि सुरुवात अजूनही सावलीवरून वेगवेगळी. मग एकीनं सांगितलं, खो-खोला आखतो तसं आखूया.

फक्की आणली. आधी एक लांब सरळ रेघ, सगळ्या रांगांची सुरुवात इथूनच, ऊन असलं तरी. मग दोन दोन फुटांचे चौकोन, प्रत्येक रकान्यात बारा, कारण सगळ्यात मोठी संख्या १२, म्हणजे चोवीस फूट लागले. दोन रकान्यांच्या मध्ये फूटभर मोकळी पट्टी सोडली. चौकोन मापायला पोरांनी दोरीला गाठी मारल्या, त्यात थोडा वेळ गेला पण माप सारखं का पाहिजे याचं उत्तर आता वर्गातल्या प्रत्येकाला येत होतं. एका चौकोनात एक मूल, मध्ये एकही चौकोन रिकामा नाही, सगळे एकाच रेघेपासून. आलेखाचे नियम म्हणून पुस्तकात जे असतं ते इथे भांडणातनं तयार झालं.

यावेळी वडापवाल्या तिघांपैकी एक मुलगा आपला रकाना सोडून चालतच्या रकान्यात शिरायला बघत होता. त्याला नियम मान्य नव्हता, तो म्हणाला फाट्यापर्यंत चालायला जास्त वेळ लागतो. अंतर कमी, वेळ जास्त! बाईंनी त्याला नियमाप्रमाणे वडापमध्येच उभं केलं, पण त्याचं वाक्य फळ्यावर लिहून ठेवायचं कबूल केलं आणि नंतर लिहिलं पण. मला वाटतं अशा पोराला "गप उभा राहा" म्हणणं म्हणजे माहिती हाताळणीचाच गळा दाबणं आहे, कारण तो जे बोलत होता ते वर्गवारीबद्दलच बोलत होता.

आता आलेख झाला, पण एक मोठी अडचण असते तिच्याकडे फार कमी लोक बघतात. आलेखात उभं असलेल्या मुलाला आलेख दिसत नाही. त्याला पुढच्याची पाठ दिसते. वरून फोटो काढणाऱ्या शिक्षकालाच फक्त तो आलेख. म्हणून बाईंनी सांगितलं, आपापलं कार्ड आपल्या चौकोनात ठेवा, त्यावर एक खडा ठेवा म्हणजे उडणार नाही, आणि बाहेर या. सगळी २६ पोरं कट्ट्यावर आणि पायऱ्यांवर चढली आणि खाली बघितलं. माणसं गेली, त्यांच्या जागी कार्डं राहिली, पण आकार तोच राहिला. "ते माझं कार्ड, चालतमधलं चौथं" असं पोरं बोटं करून दाखवत होती. शरीराकडून कागदाकडे जायचा पूल इथे आहे, आणि तो वगळला तर दुसऱ्या दिवशी वहीतला स्तंभ म्हणजे पोरासाठी नुसती रंगवलेली पट्टी असते, तिचा त्याच्याशी काही संबंध उरत नाही.

प्रश्न विचारायची पाळी आली तेव्हा पोरं परत चौकोनात उभी राहिली. फ्रान्सिस कर्सिओ या गणित शिक्षणाच्या अभ्यासक बाईंनी १९८७ मध्ये आलेख समजण्याच्या तीन पातळ्या मांडल्या होत्या, आलेखात आहे ते वाचणं, आलेखातल्या गोष्टींची एकमेकांशी तुलना करणं, आणि आलेखाच्या पलीकडचा अंदाज करणं. आमच्या बाईंनी प्रश्न त्याच क्रमानं घेतले. गाडीवर किती आले, यात कुणाला काही अडचण नाही, सहा. एसटीनं किती, शून्य, रिकाम्या रकान्याकडे बघून सगळ्यांनी सांगितलं, आणि रकाना रिकामा असला तरी ते पण उत्तर आहे हे कळलं.

दुसऱ्या पातळीवर गाडं अडलं, जिथे नेहमी अडतं तिथेच. सायकलपेक्षा चालत आलेले कितीने जास्त? अर्ध्याहून जास्त वर्ग ओरडला, बारा! "कितीने जास्त" आणि "किती" यात पोरं फरक करत नाहीत, जास्त कोण, तर चालत, ते किती, तर १२, झालं. वजाबाकी कर म्हणून सांगितलं तर ७ काढतील, पण ७ म्हणजे नक्की कोण हे माहिती नसतं. बाईंनी सायकलच्या पाच जणांना सांगितलं, तुमच्या बरोबर शेजारच्या चौकोनातल्या चालतवाल्याचा हात धरा. मधली पट्टी फूटभरच ठेवली होती ती यासाठीच. पाच जोड्या झाल्या. आता चालतमध्ये हात रिकामे असलेल्यांनी खाली बसा. सात जण बसले. बाई म्हणाल्या, जास्तीचे कोण? आणि सगळ्यांनी बसलेल्यांकडे बोट केलं. यानंतर चालत आणि वडापसाठी तेच मनातल्या मनात करायला लावलं, कारण ते रकाने शेजारी नाहीत, हात पुरत नाहीत, आणि बऱ्याच जणांचं ९ बरोबर आलं. हात धरण्याची ही एक कृती मानवी आलेखात आहे आणि कागदावरच्या आलेखात नाही, म्हणून एवढा खटाटोप करून पोरांना पटांगणात नेलं तर ही कृती केल्याशिवाय परत आणू नये.

तिसऱ्या पातळीला बाईंनी विचारलं, उद्या जोराचा पाऊस आला तर कुठला रकाना वाढेल? गाडी, वडाप असं आलं, एक म्हणाला रकाने वाढणारच नाहीत कारण निम्मे येणारच नाहीत, आणि हे उत्तर सगळ्यात खरं होतं. मग उलटा प्रश्न, कुणाचं घर सगळ्यात लांब हे या आलेखावरून सांगता येईल का? बरेच जण म्हणाले वडापवाल्यांचं. सायकलवर येणारा एकजण म्हणाला माझं घर शाळेच्या मागंच आहे तरी मी सायकल आणतो, नवीन आहे. मग हळूहळू मान्य झालं की अंतर आपण विचारलंच नव्हतं, त्यामुळे आलेखाला ते माहिती नाही. आलेखातून काय कळत नाही हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो विचारायला एक मिनिट लागतं.

जाता जाता बाईंनी अजून एक गोष्ट केली. एका चौकोनात दोघं दोघं उभे राहा म्हणाल्या. चालतचे बारा सहा चौकोनात बसले, गाडीचे सहा तीन चौकोनात, सायकलचे दोन चौकोन भरले आणि तिसऱ्यात एकजण एकटा, वडापला एक चौकोन भरला आणि दुसऱ्यात एक एकटा. एक चौकोन म्हणजे दोन मुलं, मग एकटा म्हणजे अर्धा चौकोन. चित्रालेखात एका चित्राला दोन किंवा पाच वस्तू असं प्रमाण पुढे येतं तेव्हा अर्ध्या चित्राचं काय करायचं हे पोरांना कळत नाही, इथे ते उभं राहून कळलं. पण याच्यापुढे म्हणजे पाचाचं, दहाचं प्रमाण पटांगणात करू नये, दोन फुटाच्या चौकोनात पाच पोरं घातली की शिकणं संपतं आणि ढकलाढकली सुरू होते.

दुसऱ्या दिवशी तीच कार्डं मोठ्या कागदावर चिकटवली, खालची रेघ एकच, कार्डाला कार्ड लागून. शीर्षक काय द्यायचं यावर परत चर्चा झाली कारण आदल्या दिवशी गैरहजर असलेली दोन्ही मुलं आता आली होती आणि त्यांना पण कार्ड पाहिजे होतं. एकजण म्हणाला लावूया त्यांचं पण. दुसरी म्हणाली, पण ते काल आलेच नाहीत, मग काल कसे आले? शेवटी शीर्षक झालं: "गुरुवारी आपण शाळेत कसे आलो (उपस्थित २६)". शीर्षकात दिवस आणि संख्या का हवी हे त्या दोन पोरांमुळे कळलं, मी समजावून सांगायला गेलो असतो तर इतकं पोचलं नसतं. त्या दोघांची हौस बाईंनी पुढच्या सोमवारी भागवली, सोमवारी पूर्ण पट हजर होता आणि तोच प्रश्न परत घेतला. आलं चालत १५, सायकल ५, गाडी ५, वडाप ३. चालत तीन वाढले, पण त्यात दोन तर गुरुवारचे गैरहजरच होते, आणि तिसरी ती बाजाराच्या दिवशी गाडीवर आलेली मुलगी. एकेक मूल कुठून कुठे गेलं हे पोरांनी कार्ड बघून सांगितलं.

आता शेवटची आणि सगळ्यात चिवट अडचण, ती वहीत आली. चौकटीच्या कागदावर स्तंभ काढायला सांगितला. एक चौकट एक मूल, रंगवायचं, इथपर्यंत सगळ्यांचं नीट. पण डाव्या बाजूला आकडे लिहायला सांगितल्यावर सात पोरांनी सगळ्यात खालच्या चौकटीसमोर ० लिहिला आणि त्याच्यावरच्या चौकटीसमोर १. झालं, प्रत्येक स्तंभ एकानं कमी वाचला जायला लागला, चालत १२ चे ११. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांनी चौकटीच्या बरोबर मध्यासमोर आकडा लिहिला, ते मोजणीला चालतं, पण स्तंभालेखात आकडा रेघेसमोर असतो, आणि पट्टीवर मोजून स्तंभ काढायची वेळ आली की मध्यावर लिहायची सवय अर्ध्या चौकटीची चूक देते.

याचं कारण मानवी आलेखातच आहे. पटांगणात पोर चौकोनाच्या आत उभं असतं, त्यामुळे "पाचवा" म्हणजे पाचवा चौकोन. स्तंभालेखात ५ म्हणजे पाच चौकोन जिथे संपले ती रेघ. म्हणजे ज्या कृतीनं पोरांना लांबी आणि संख्या यांचं नातं दिलं तीच कृती इथे आडवी येते, आणि ती येणारच, म्हणून शिक्षकानं आधीच तयारी ठेवावी. बाईंनी पोरांना परत पटांगणात नेलं, फक्की पुसट झाली होती पण चौकोन दिसत होते. सुरुवातीच्या रेघेवर एका मुलाला उभं केलं आणि विचारलं, अजून एकही चौकोन ओलांडला नाही, मागे किती मुलं मावतील? एकही नाही, म्हणून त्या रेघेवर खडूनं ०. एक चौकोन चालून पुढच्या रेघेवर गेला, मागे एक मूल मावलं, त्या रेघेवर १. असं १२ पर्यंत, आकडे रेघांवरच. त्यानंतर वहीत आकडे रेघेसमोर आले, दोन पोरांचे तरी अजून चौकटीसमोरच होते, त्यांना बाईंनी पट्टीवरचे सेंटिमीटर दाखवून तीच गोष्ट परत करायची ठेवली आहे.

ज्यांच्या वर्गात सहा सात मुलंच आहेत, आणि अशा शाळा आपल्याकडे भरपूर आहेत, त्यांनी एका वर्गावर हे करू नये. एका रकान्यात दोन आणि दुसऱ्यात एक असं आलं की लांबीची तुलना करायला काही उरतच नाही, नजर टाकली की संपलं. पहिली ते चौथी एकत्र घ्या, पंधरा वीस पोरं तरी हवीत, आणि मोठ्यांना छोट्यांची कार्डं लिहायला बसवा. चाळीसच्या वर पट असेल तर निम्म्यांनी उभं राहायचं, निम्म्यांनी कट्ट्यावरून बघून प्रश्न विचारायचे, आणि मग अदलाबदल.